इलेक्ट्रिशियनला सोलरमध्ये यायचं असेल तर: डीसी, मीटर आणि पहिलं काम

प्रश्न: परभणी जिल्ह्यातला आहे. आयटीआय इलेक्ट्रिशियन होऊन दोन वर्षं झाली, घरांचं वायरिंग आणि मोटारीची कामं करतो. धाकट्या भावाचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा यंदा झाला. दोघांनाही सोलरमध्ये यायचंय. एका क्लासवाल्यांनी तीन महिन्यांच्या कोर्सचे चाळीस हजार सांगितलेत. कोर्स करावा का सरळ कामाला लागावं? पहिलं काम कुठं मिळेल?

उत्तर:

चाळीस हजार आत्ता भरू नका. कोर्स नकोच असं मी म्हणत नाही, त्याबद्दल पुढे लिहितो. पण तुमची खरी अडचण प्रमाणपत्राची नाही. इन्व्हर्टरच्या पुढचं काम, म्हणजे एमसीबी, मीटर, घरातला बोर्ड, अर्थिंग, मोटारीची जोडणी, हे तुम्ही दोन वर्षं करताच आहात. इन्व्हर्टरच्या मागचं, म्हणजे पॅनलपासून येणारं डीसी, तुम्ही हाताळलेलं नाही, आणि ते हाताला धरून शिकवणारा माणूस तुम्हाला अजून भेटलेला नाही. पहिले सहा महिने तुमच्या हातात फक्त पाना राहतो की मीटरही येतो, यावर पुढचं सगळं ठरतं. फक्त पाना राहिला तर तीन वर्षांनीही तुम्ही पॅनल उचलणारेच राहाल.

आता हे डीसी म्हणजे नेमकं वेगळं काय, ते बघू. घरातला एसी प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. त्यामुळे चालू लोडवर स्विच काढला तरी ठिणगी उडते आणि विझते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. चालू सिस्टीमचा कनेक्टर ओढून काढलात तर दोन टोकांमध्ये आर्क पेटतो आणि टोकं दूर जाईपर्यंत जळत राहतो. कनेक्टर वितळतो, हात भाजतो. शिवाय ऊन आहे तोवर पॅनल बंद करता येत नाही. मेन स्विच पाडला की वायर मेली, ही वायरमनची सवय इथे घातक ठरते. क्रम पाठ करून ठेवा: आधी एसी बाजूचा एमसीबी बंद, मग डीसी आयसोलेटर बंद, मग डीसी क्लॅम्प मीटरने प्रवाह शून्य आहे याची खात्री, आणि त्यानंतरच कनेक्टरला हात. तुमच्याकडे आत्ता जो क्लॅम्प मीटर असेल तो बहुधा फक्त एसी मोजणारा असेल. तो डीसी वायरला लावला तर दहा अँपिअर वाहत असतानाही शून्य दाखवतो, आणि त्या शून्यावर विश्वास ठेवणं सगळ्यात धोक्याचं. डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर आणि 1000 व्होल्टपर्यंतचा चांगला मल्टिमीटर ही तुमची पहिली खरेदी. क्लासच्या फीपेक्षा हा पैसा जास्त कामाला येईल.

मीटर हातात आला की त्यातून काय वाचायचं, हे एका छपरावरून सांगतो. परभणीतलं एक घर धरा, छपरावर 540 वॉटचे सहा पॅनल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले, एकूण सव्वातीन किलोवॉटच्या आसपास. पॅनलच्या मागच्या स्टिकरवर ओपन सर्किट व्होल्टेज लिहिलेलं असतं, या मापाच्या पॅनलला साधारण 49.5 व्होल्ट. सहा गुणिले 49.5 म्हणजे 297. नवखा माणूस मे महिन्यात दुपारी दोनला मीटर लावतो, 265 दिसतात, आणि त्याला वाटतं पॅनल खराब आलेत.

पॅनल खराब नाहीत. स्टिकरवरचा आकडा पॅनलचं तापमान 25 अंश असतानाचा आहे. मे महिन्यात आपल्याकडे हवा 42-43 अंश असते तेव्हा पॅनल 65 अंशांच्या वर जातो. पॅनल जितका तापतो तितका व्होल्टेज पडतो. किती पडतो तेही त्याच्या डेटाशीटमध्ये दिलेलं असतं, आजच्या बऱ्याच पॅनलना एका अंशामागे पाव टक्क्याहून थोडं जास्त, समजा 0.27 टक्के. 25 वरून 65 म्हणजे 40 अंश, 40 गुणिले 0.27 म्हणजे जवळजवळ 11 टक्के. 297 मधून 11 टक्के गेले की 265 उरतात. म्हणजे मीटर बरोबर आहे आणि स्ट्रिंगही निरोगी आहे. हा हिशोब कागदावर नाही, छपरावर उभं राहून तोंडी करता आला पाहिजे.

तो जमला की मीटरचा आकडा तुमच्याशी बोलू लागतो. त्याच दुपारी 265 च्या जागी 220 आले तर एका पॅनलइतके, म्हणजे 44 व्होल्ट कमी आहेत. सहापैकी पाचच पॅनल जोडले गेलेत का, ते आधी बघा. 177 आले तर दोन पॅनल गेल्यासारखं वाटेल, पण बहुतेक वेळा एकच पॅनल उलटा जोडलेला असतो. तो स्वतःचे 44 देत नाहीच, वर दुसऱ्याचे 44 खातो. कंपनीतून आलेल्या कनेक्टरने पॅनल उलटा लागत नाही, पण कुणी वायर कापून नवा कनेक्टर चुकीच्या टोकाला बसवला असेल तर लागतो. आणि 250 आले तर? पंधरा व्होल्ट कमी, म्हणजे एका पॅनलचा तिसरा हिस्सा. पॅनलच्या मागच्या डब्यात तीन बायपास डायोड असतात, त्यातला एक शॉर्ट झाला की नेमकं इतकंच कमी होतं. वीज पडून गेल्यावर हा दोष आपल्याकडे पुष्कळ दिसतो. मग एकेक पॅनल मोजायचा. पाच ठिकाणी 44 आणि एका ठिकाणी 29-30 आले की गुन्हेगार सापडला.

हाच हिशोब थंडीत उलटा चालतो, आणि तिथे नुकसान मोठं होतं. समजा तुम्ही एखाद्या जिनिंगच्या किंवा शाळेच्या छपरावर मोठी सिस्टीम लावताय, इन्व्हर्टरची कमाल मर्यादा 1000 व्होल्ट आहे, आणि कुणी वीस पॅनलची एक स्ट्रिंग केली. वीस गुणिले 49.5 म्हणजे 990, मर्यादेच्या आत. मे महिन्यात तर ती 885 च्या आसपासच दिसेल, काम झकास चालेल, बिलही निघेल. परभणीचा पारा कडाक्याच्या थंडीत पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, हे तुम्हाला सांगायला नको. अशा एखाद्या जानेवारीच्या सकाळी पॅनल गारठलेले असतात, इन्व्हर्टरने अजून लोड घेतलेला नसतो आणि पहिलं ऊन पडतं. 25 वरून 5 म्हणजे 20 अंश, साडेपाच टक्के वाढ, आणि स्ट्रिंग 1040 च्या पुढे. इन्व्हर्टर जातो आणि कंपनी वॉरंटी नाकारते, कारण जादा व्होल्टेजची नोंद त्याच्या मेमरीत असते. तिथे अठराच पॅनल लावायला हवे होते, एकोणीस लावले तर अगदी काठावर. पॅनल किती हे उन्हाळ्यातल्या मीटरवर ठरवायचं नसतं, आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्यात थंड सकाळीवर ठरवायचं असतं.

आता मीटर काय सांगत नाही तेही बघा. ओपन सर्किट व्होल्टेज बरोबर आला म्हणून सगळं बरोबर असं नाही. धूळ किंवा पातळ सावली असेल तर व्होल्टेज फारसा हलत नाही, प्रवाह पडतो. म्हणून सिस्टीम चालू करून डीसी क्लॅम्पने अँपिअर बघायचेच. या पॅनलना कडक उन्हात अकरा-बारा अँपिअर यायला हवेत. सात-आठच येत असतील तर आधी काच बघा. फेब्रुवारीपासून आपल्याकडे धुळीचा थर बसतो. पॅनल धुवायचे ते सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकायचं नाही. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने धुतलं तर लगेच पुसून घ्यायचं, नाहीतर पांढरा थर चढतो आणि तो धुळीपेक्षा चिवट असतो.

दुसरी लपणारी गोष्ट म्हणजे कच्चा क्रिम्प. पॅनलच्या वायरला जो एमसी-फोर कनेक्टर लावतात, त्याची धातूची पिन वायरवर खास टूलने दाबून बसवायची असते. बरेच जण साध्या पक्कडीने चेपतात. व्होल्टेज मोजताना प्रवाह वाहतच नाही, त्यामुळे मीटरला तो सांधा अगदी ठीक दिसतो. दुपारी त्यातून 12 अँपिअर वाहू लागले आणि सांध्याचा रोध अर्धा ओहम असला, तर 12 गुणिले 12 गुणिले अर्धा, म्हणजे 72 वॉटची उष्णता त्या अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकमध्ये तयार होते. सोल्डरिंग आयर्न पेटवून कनेक्टरमध्ये ठेवल्यासारखंच ते. काही महिन्यांत तो काळा पडतो, मग वितळतो. सोलरच्या आगी लागतात त्यातल्या पुष्कळ अशाच सांध्यातून. म्हणून हे कौशल्य घरी बसून कमवा: क्रिम्पिंग टूल आणि थोडे कनेक्टर विकत आणा, चार स्क्वेअर एमएमची सोलर वायर घ्या, इन्सुलेशन सहा-सात मिलिमीटर सोला, तांब्याची एकही तार न तोडता पिन बसवा, दाबा, आणि जोर लावून ओढून बघा. मग एक सांधा मुद्दाम कापून आत बघा, तारा एकसंध दाबल्या गेल्यात की मोकळ्या आहेत. आणि एका कंपनीचा नर दुसऱ्या कंपनीच्या मादीत घालू नका. बसतो, टिक् आवाजही येतो, पण आतली मापं जुळत नाहीत आणि पुन्हा तीच गरमी सुरू होते.

अर्थिंग तुम्हाला येतं, पण आपल्या जमिनीचं एक सांगायलाच हवं. काळ्या मातीत पावसाळ्यानंतर अर्थिंगचा रोध सुंदर येतो. एप्रिल-मेमध्ये तीच माती भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि रोध कितीतरी पट वाढतो. नेमकं तेव्हाच, पावसाच्या आधीच्या वळवात, मराठवाड्यात विजा सगळ्यात जास्त पडतात. त्यामुळे पाच ओहमच्या आत आलं की झालं असं न समजता ते मापन उन्हाळ्यात पुन्हा करा. जिथे चार-पाच फुटांवर मुरूम आणि काळा दगड लागतो तिथे एका खड्ड्याने भागत नाही. स्ट्रक्चर, एसी बाजू आणि लाइटनिंग अरेस्टर यांची अर्थिंग वेगळी ठेवा. वीज पडून गेल्यावर सर्वांत आधी डीसी डब्यातल्या एसपीडीची, म्हणजे विजेचा झटका अर्थिंगमध्ये सोडणाऱ्या उपकरणाची, खिडकी बघायची. हिरवी असेल तर ठीक, लाल झाली असेल तर त्याने आपलं काम केलं आणि आता तो बदलायचा.

आता प्रशिक्षणाकडे येऊ. केंद्र सरकारचा सूर्यमित्र हा कार्यक्रम 2015 पासून आहे, गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत चालतो, आणि आयटीआय इलेक्ट्रिशियन व डिप्लोमावाले डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेला आहे. मूळ रचना 600 तासांची, म्हणजे तीन महिन्यांची, आणि विद्यार्थ्याला फी नाही. जवळच्या कुठल्या केंद्रावर बॅच कधी आहे हे बदलत राहतं, म्हणून त्या संस्थेच्या वेबसाइटवर बघा आणि तुमच्या आयटीआयच्या प्राचार्यांनाही विचारा. फुकट बॅच मिळत असेल आणि तीन महिने घरचं भागत असेल तर जरूर करा. घर तुमच्या रोजावर चालत असेल तर मी आधी कामाला लागायला सांगेन. तुमच्यासारख्या वायरमनला साइटवरही शिकता येतं, फक्त ठेकेदार नीट निवडायला हवा.

खासगी क्लासचा विचार केलाच तर फी भरायच्या आधी प्रत्यक्ष जाऊन बघा. छपरावर चालू सिस्टीम आहे का, की खोलीत फक्त एक पॅनल भिंतीला टेकवून ठेवलाय? प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने किती क्रिम्प करायला मिळतात? डीसी क्लॅम्प मीटर, मेगर आणि अर्थ टेस्टर आहेत का? प्रमाणपत्र स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्सचं आहे की फक्त त्यांच्याच शिक्क्याचं? मागच्या बॅचच्या दोन मुलांचे नंबर मागा आणि ती आज काय काम करतात ते त्यांनाच विचारा. नोकरीची हमी देतो म्हणणाऱ्याने पत्रावर कंपनीचं नाव लिहून दिलं नाही तर ती हमी धरू नका. आणि कोर्स कराच किंवा करू नका, वायरमन परमिट नसेल तर त्याचा अर्ज आधी टाका. छपरावरच्या सोलरचं कामही शेवटी महावितरणच्या मीटरला जोडलं जातं, आणि परवानाधारक ठेकेदाराला परमिटवाल्या माणसाची गरज लागतेच.

पहिलं काम मराठवाड्यात आज सगळ्यात सहज मिळतं ते शेतपंपाचं. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत 3, 5 आणि साडेसात एचपीचे पंप लागतात. साधारण शेतकरी दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी पाच टक्के हिस्सा भरतात. कंपन्यांची माणसं तालुक्याला ठेकेदार नेमतात आणि ठेकेदार टीम करतात. तुम्ही मोटारी जाणता, म्हणून तुमची किंमत तिथे आधीपासून आहे. पण टीममध्ये खड्डे, काँक्रीट आणि पॅनल चढवणं यातच दिवस जातो, आणि कंट्रोलरची जोडणी एकच माणूस करतो. तुम्ही त्या माणसाच्या जोडीला लागायचं. सुरुवातीला ठेकेदाराला स्पष्ट सांगा की खड्ड्याचं कामही करीन, पण प्रत्येक पंपाचा व्होल्टेज मी मोजणार आणि वहीत लिहिणार. पंप कुठला, पॅनल किती, वेळ काय, ऊन कसं, व्होल्ट किती, अँपिअर किती. पुढच्या मुलाखतीला ही वही तुमच्यासाठी बोलेल.

या पंपांना पाच वर्षांची देखभाल कंपनीकडे असते, आणि तिथेच टिकाऊ नोकरी आहे. बसवणाऱ्या टीम काम संपलं की सुटतात, सर्व्हिसवाला राहतो. सर्व्हिसमध्ये आपल्याकडची नेहमीची तक्रार म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये "पंप बंद पडला". जाऊन बघितलं तर विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं आणि कंट्रोलर ड्राय रन दाखवून मोटार थांबवत असतो. कंट्रोलरचा कोड वाचता आला आणि शेतकरी काकांना विहिरीत डोकावून दाखवता आलं, तर न बिघडलेली मोटार वर काढायची मेहनत वाचते. कोड कमी उन्हाचा आहे, ड्राय रनचा आहे की मोटारीच्या ओव्हरलोडचा, हे तीन वेगळे ओळखता आले की निम्म्या तक्रारी पंधरा मिनिटांत मिटतात.

दुसरी वाट घरांच्या छपराची. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून तीन किलोवॉट किंवा अधिकच्या घरगुती सिस्टीमला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे, त्यामुळे परभणी, नांदेड, लातूर, संभाजीनगर अशा शहरांतले नोंदणीकृत व्हेंडर माणसं शोधत असतात. इथे काम स्वच्छ असतं, ग्राहकाशी बोलावं लागतं, आणि वर सांगितलेला स्ट्रिंगचा हिशोब रोज लागतो. छपरावर काम करताना हार्नेस मागून घ्या. पत्र्याच्या शेडवर तर त्याशिवाय चढूच नका, जुना पत्रा पायाखाली फाटतो. हार्नेस न देणाऱ्या माणसाकडे थांबू नका, रोज कितीही देत असला तरी.

तुमच्या भावाची वाट थोडी वेगळी असावी असं मला वाटतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळ काही मेगावॉटचे प्रकल्प उभे राहताहेत. त्यातला एक वैजापूर तालुक्यात धोंदलगावला आहे. अशा ठिकाणी उभारणीच्या वेळी साइट इंजिनिअर आणि नंतर देखभालीला तंत्रज्ञ लागतात. डिप्लोमावाल्याला तिथे ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, रिले आणि शेकडो स्ट्रिंगच्या आकड्यांतून वेगळी पडलेली एक स्ट्रिंग शोधणं शिकायला मिळतं. छोट्या छपरांवर हे मिळत नाही. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर त्याने नोंद करून ठेवावी. विद्यावेतन कमी असतं, पण कागद पक्का होतो. आणि पुढे पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राला अनुभव दाखवावा लागतो, म्हणून पहिल्या कामापासून अनुभवाचं पत्र लेटरहेडवर घेत जावं.

पैशाबद्दल. रोज, महिना की प्रति पंप, हे ठेकेदारागणिक बदलतं. प्रति पंप दर कानाला मोठा वाटतो, पण ठेकेदाराला स्वतःला पैसे तपासणी होऊन बिल निघाल्यावर मिळतात, आणि तो उशीर खालच्या माणसापर्यंत येतो. म्हणून होकार देण्याआधी विचारा: पैसे पंप बसल्यावर की बिल निघाल्यावर, गावाला जायचं पेट्रोल कोणाचं, जेवण-मुक्काम कोणाचा, पाऊस लागून काम थांबलं तर हजेरी धरणार का, आणि विमा आहे का. सुरुवातीला मी तरी महिन्याच्या पगारावरचं काम घ्यायला सांगेन, थोडं कमी असलं तरी. प्रति पंप काम करणारा माणूस घाईत असतो, तो नवख्याला मीटर धरू देत नाही. क्रिम्पिंगचा सराव झाला आणि कुठल्या तालुक्यात काम बघताय हे ठरलं की इथेच लिहा. ठेकेदाराशी बोलायच्या आधी वहीतली पहिली पाच-सहा पानं मी बघून देईन.